ओन्लीची जागा: परीक्षेतला नियम, बोलण्यातली सवय आणि आपला ‘च’

प्रश्न: एरर स्पॉटिंगमध्ये ओन्ली चुकीच्या जागी आहे हे नेमकं कशावरून ओळखायचं? इंग्रजी बोलणारे सर्रास ते क्रियापदाआधी लावतात, मग परीक्षेत तेच चूक कसं?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देतो, म्हणजे पहिला भाग सोपा जाईल. बोलताना ओन्ली कुठल्या शब्दासाठी आहे हे जागेवरून कळत नाही, आवाजावरून कळतं. ‘आय ओन्ली वॉन्ट टू पेन्स’ असं म्हणणारा माणूस ‘टू’वर जोर देतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की त्याला दोनच पेनं हवी आहेत. ‘पेन्स’वर जोर दिला तर पेनंच हवीत, वह्या नकोत, असा अर्थ निघतो. छापलेल्या प्रश्नाला आवाज नसतो. जोराचं काम तिथे जागेला करावं लागतं, म्हणून परीक्षा असा नियम धरते की ओन्ली ज्या शब्दाला लागू आहे त्याच्या लगेच आधी यावं. क्रियापदाआधीची जागा ही इंग्रजीतली चूक नव्हे. इंग्रजी कोशकार फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या वापरकोशात, अर्थाचा घोटाळा होत नसेल तर अशा वाक्यांना हरकत घेऊ नये, अशीच बाजू घेतली होती. पण एरर स्पॉटिंगमध्ये वाक्य कानाला बरं वाटतं की नाही हे विचारलेलं नसतं. लिहिलेली जागा आणि अभिप्रेत अर्थ जुळतात का, हे विचारलेलं असतं.

आता एक साधं वाक्य घेऊ: ‘द टीचर गेव्ह मी टू बुक्स ऑन मंडे.’ यात ओन्ली सरकवत नेऊ.

‘ओन्ली द टीचर गेव्ह मी टू बुक्स’ म्हणजे शिक्षकांनीच दिली, बाकी कुणी दिली नाहीत. ‘द टीचर गेव्ह ओन्ली मी टू बुक्स’ म्हणजे मलाच दिली, वर्गातल्या इतरांना नाही. ‘द टीचर गेव्ह मी ओन्ली टू बुक्स’ म्हणजे दोनच दिली. ‘ओन्ली ऑन मंडे’ म्हणजे सोमवारीच. इथे एक बारकावा आहे: आपण ‘ऑन ओन्ली मंडे’ म्हणत नाही, ओन्ली ‘ऑन’च्या आधी जातं, कारण ते ‘ऑन मंडे’ या सगळ्या गटाला लागू आहे. आणि ‘द ओन्ली टीचर गेव्ह मी टू बुक्स’ हे प्रकरणच वेगळं. तिथे ओन्ली विशेषण झालं, अर्थ झाला ‘तिथल्या एकमेव शिक्षकांनी’. ‘द’ आधी की ओन्ली आधी, एवढ्याने अर्थ पार बदलतो. प्रश्न काढणाऱ्यांना ही जोडी आवडते, म्हणून ती नीट पाहून ठेवा.

राहिलं ‘द टीचर ओन्ली गेव्ह मी टू बुक्स’. काटेकोरपणे वाचलं तर शिक्षकांनी पुस्तकं नुसती दिली, समजावून वगैरे काही सांगितलं नाही. बोलण्यात मात्र याचा अर्थ बहुतेक वेळा ‘दोनच दिली’ असा होतो. परीक्षेतले बरेच प्रश्न नेमके या फटीत बसवलेले असतात.

दोन्हीकडे बघणारं ओन्ली हा याचाच पुढचा भाग. ‘द टीचर गेव्ह मी टू बुक्स ओन्ली ऑन मंडे’ यात ते डावीकडच्या ‘टू बुक्स’ला चिकटलंय की उजवीकडच्या ‘ऑन मंडे’ला? बोलताना किंचित थांबून सांगता येतं, कागदावर येत नाही. ‘दोनच’ म्हणायचं असेल तर ते ‘टू’च्या आधी न्यावं आणि ‘सोमवारीच’ म्हणायचं असेल तर ‘ओन्ली ऑन मंडे’ हा गट वाक्याच्या टोकाला एकटा न ठेवता वाक्य पुन्हा रचावं, उदाहरणार्थ ‘इट वॉज ओन्ली ऑन मंडे दॅट द टीचर गेव्ह मी टू बुक्स’.

ओळखायची माझी पद्धत एकच आहे. ओन्ली दिसलं की स्वतःला विचारायचं: हे वाक्य कशाला ‘नाही’ म्हणतंय? ओन्ली नेहमी काहीतरी वगळतं. वगळलेली गोष्ट ज्या जातीची, त्याच जातीच्या शब्दाआधी ओन्ली हवं. वगळलेली गोष्ट माणूस असेल तर माणसाच्या आधी, आकडा असेल तर आकड्याआधी, कृती असेल तर क्रियापदाआधी. आणि काय वगळलंय हे आपण मनाने ठरवायचं नाही, वाक्यातच त्याचा पुरावा शोधायचा.

एक प्रश्न पूर्ण सोडवून दाखवतो. ‘द कमिटी हॅज ओन्ली सिलेक्टेड (अ) / फाइव्ह कँडिडेट्स (ब) / आउट ऑफ द फॉर्टी हू हॅड अप्लाइड (क) / नो एरर (ड)’.

आधी पक्क्या चुका तपासा: कर्ता-क्रियापद, काळ, शब्दयोगी अव्यय. कमिटी एकवचनी धरून ‘हॅज’ आलंय, ठीक. ‘आउट ऑफ’ ठीक. ‘हू हॅड अप्लाइड’ हा अर्ज निवडीच्या आधीचा, चालतं. म्हणजे संशय ओन्लीवर येतो. आता काय वगळलंय? वाक्यात ‘चाळीस’ हा आकडा आहे आणि त्यासमोर ‘पाच’ ठेवलाय. तुलना आकड्यांची आहे, उरलेले पस्तीस वगळलेत. म्हणजे ओन्ली ‘फाइव्ह’च्या आधी हवं: ‘हॅज सिलेक्टेड ओन्ली फाइव्ह कँडिडेट्स’. चूक ‘अ’ भागात.

आता हेच वाक्य जरा बदलून बघा: ‘द कमिटी हॅज ओन्ली सिलेक्टेड द कँडिडेट्स; द बोर्ड विल अपॉइंट देम.’ इथे निवडणं आणि नेमणं या दोन कृती समोरासमोर आहेत. कमिटीने निवड केली, नेमणूक केली नाही. वगळलेली गोष्ट कृती आहे, म्हणून ओन्ली क्रियापदाआधीच हवं आणि उत्तर ‘नो एरर’. ‘हॅज’ आणि ‘सिलेक्टेड’च्या मध्ये दिसलं की चूक, असं पाठ करून गेलेला विद्यार्थी इथे हमखास गुण घालवतो. जागा चूक नसते, जागा आणि पुरावा यांचा मेळ बसत नाही तेव्हा चूक असते.

पक्क्या चुका आधी तपासा म्हणालो त्याला कारण आहे. एका प्रश्नात साधारणपणे एकच चूक ठेवलेली असते. ओन्ली क्रियापदाआधी आहे आणि शेजारच्या भागात ‘द फॉर्टी हू हॅज अप्लाइड’ असंही आहे, तर उत्तर ‘हू हॅज’चंच. चाळीस जणांना ‘हॅज’ कधीच चालत नाही, ओन्लीच्या जागेवर मात्र वाद घालता येतो. वाद नसलेली चूक सापडली की वादाची सोडून द्यायची.

मराठी माध्यमातून आलेल्यांना दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्याशा वाटतात, कारण आपला ‘च’ इथे मदतही करतो आणि दगाही देतो. मदत अशी की ‘च’ थेट त्या शब्दाला चिकटतो. इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणा आणि ‘च’ कुठे बसतो ते बघा: ‘समितीने पाचच उमेदवार निवडले’. ‘च’ पाचला लागला, म्हणजे ओन्ली ‘फाइव्ह’ला. ‘समितीने उमेदवार निवडलेच’ म्हणून पाहा, अर्थ भलतीकडे जातो. म्हणजे ओन्ली क्रियापदाचं नव्हतं.

दगा असा की आपला ‘च’ दोन कामं करतो. ‘मी चहाच घेतो’ यात तो बाकीचं वगळतो. ‘मी उद्याच येतो’ यात मात्र तो बऱ्याचदा नुसता ठासून सांगतो, दुसरा कुठलाही दिवस वगळण्याचा हेतू नसतो. इंग्रजी ओन्ली फक्त पहिलं काम करतं. म्हणून ‘ही वॉज बॉर्न इन दिस हाउस ओन्ली’ हे ‘तो याच घरात जन्मला’चं शब्दशः रूप परीक्षेत चूक धरलं जातं. जन्म एकदाच होतो, दुसरी घरं वगळायची गरजच नाही. तिथे ‘इन दिस व्हेरी हाउस’ हवं. तसंच ‘आय कॅन डू इट टुडे ओन्ली’ म्हणताना ‘आजच करून टाकतो’ अशी तयारी दाखवायची असेल तर नुसतं ‘टुडे’ पुरतं. ओन्ली घातलं की अर्थ होतो, आज जमेल, नंतर नाही. वाक्याच्या शेवटी ओन्ली दिसलं की ‘हे खरंच काही वगळतंय का?’ हा प्रश्न विचाराच. वगळत नसेल तर जागा बदलून भागत नाही, शब्दच बदलावा लागतो.

शेवटची जागा म्हणजे वाक्याची सुरुवात. इथे ओन्ली कर्त्याला लागलंय की वेळ, अट किंवा रीत सांगणाऱ्या गटाला लागलंय, यावर पुढची रचना ठरते. ‘ओन्ली द मॉनिटर हॅज द की’ यात ते कर्त्याला लागलंय, क्रम नेहमीचाच. पण ‘ओन्ली आफ्टर द रिझल्ट वॉज डिक्लेअर्ड ही रिअलाइज्ड हिज मिस्टेक’ यात ते ‘निकाल लागल्यावरच’ या वेळेच्या गटाला लागलंय, म्हणून मुख्य वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याआधी यायला हवं: ‘डिड ही रिअलाइज हिज मिस्टेक’. ‘डिड’ आलं की ‘रिअलाइज्ड’चा भूतकाळ उतरतो, हेही पर्यायांत तपासून बघतात.

यात फसवणारा पर्याय ठरलेला असतो: ‘ओन्ली आफ्टर वॉज द रिझल्ट डिक्लेअर्ड ही रिअलाइज्ड’. उलटापालट केलेली दिसते, म्हणून विद्यार्थी तो निवडतात. पण ‘आफ्टर’ने सुरू होणारं उपवाक्य सरळच राहतं, उलटतं ते मुख्य वाक्य. ते कुठे सुरू होतं हे शोधायला पुन्हा मराठीच वापरा. ‘निकाल लागल्यावरच’ इथे ‘च’ संपतो, आणि त्यानंतर जे येतं, ‘त्याला चूक कळली’, तेच इंग्रजीत उलटवायचं.