आचाऱ्याला की आचार्याला? रफार कधी आणि अर्धा र कधी

अरे, तू काल लिहिलंस 'लग्नाच्या आचार्याला ॲडव्हान्स दिला', म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला डायरेक्ट गुरुजी केलंस की! कान लावून बोलून बघ. 'आचार्याला' म्हणताना 'चा'वर जोर येतो आणि र् त्याला चिकटतो, आचार्‌-याला असं, म्हणून रफार. 'आचाऱ्याला'मध्ये तो जोर नाही, र हलकेच पुढच्या 'य'मध्ये घसरतो, म्हणून तिथे ऱ्य. सूर्य, कार्य, धर्म सगळ्यांत मागच्या अक्षराला धक्का बसतो, म्हणून रफारच.

कानाला कळलं नाही तर मूळ शब्द बघ. आचारी, दरी, सुरी, म्हातारा यांत र पूर्ण आहे, रूप बदलताना तो अर्धा झाला, म्हणून आचाऱ्याला, दऱ्या, सुऱ्या, म्हाताऱ्याला. सूर्य मुळातच जोडाक्षर, म्हणून सूर्याला. आणि 'दर्या' लिहिलंस तर तो समुद्र होतो बरं का.

हा अर्धा र फक्त य आणि ह च्या आधी येतो (कुऱ्हाड, वऱ्हाड), त्यामुळे धर्म, सर्व असल्या शब्दांत विचारच करू नकोस. टाइप करताना नुक्तावाला ऱ घे, इनस्क्रिप्टवर Shift+J, मग हलंत, मग य. साधा र घेतलास की रफारच उमटणार.