अल अलामेन, १९४२: वाळवंटात लपायला जागा नाही, मग रोमेलच्या सैन्याला फसवलं कसं?

प्रश्न: युद्धात डमी रणगाडे, खोटे वायरलेस मेसेज वगैरे वापरतात असं वाचलं. पण विमानातून रोज फोटो काढत असतील तर शत्रूला कळत नाही का? खरा हल्ला कुठे होणार हे खरंच लपवता येतं?

फोटो काढतात म्हणूनच तर फसवता येतं. शत्रू बघणार आहे, हे धरूनच सगळा बेत आखलेला असतो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईआधीचं इंग्रजांचं ऑपरेशन बर्ट्राम, कित्येक वर्षं मी याबद्दल मिळेल ते वाचत आलोय आणि अजून त्यातलं नियोजन बघून थक्क व्हायला होतं.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला कतारा नावाचा खोलगट दलदलीचा प्रदेश जिथून रणगाडे जाऊच शकत नाहीत, आणि मध्ये साधारण ६० किमीची आघाडी. हल्ला करायचा तो या ६० किमीतच, वळसा घालायला वाटच नाही. म्हणजे हल्ला होणार हे जर्मनांना पक्कं माहीत होतं, फक्त कुठे आणि कधी एवढेच दोन प्रश्न उरले होते. इंग्रजांचा सेनापती माँटगोमेरीला घाव घालायचा होता उत्तरेला, समुद्राजवळच्या भागात, २३ ऑक्टोबरच्या रात्री. शत्रूला मात्र वाटायला हवं होतं की तो दक्षिणेला होणार आणि नोव्हेंबर उजाडल्यावर होणार.

हे काम दिलं होतं जेफ्री बार्कस आणि टोनी एअर्टन यांना. एक सिनेमावाला, दुसरा चित्रकार.

सगळ्यात मोठी अडचण रणगाड्यांची. शेकडो रणगाडे उत्तरेला आणून उभे करायचे आणि ते वरून दिसता कामा नयेत, सपाट वाळवंटात ना झाड ना घर. मग त्यांनी असं केलं की हल्ल्याच्या बरेच दिवस आधीपासून उत्तरेच्या त्या भागात ट्रक उभे करून ठेवले, आणि नुसते ट्रकसारखे दिसणारे सांगाडेही. जर्मन विमानं रोज येऊन फोटो काढायची, ट्रक आहेत, कालही होते, आजही आहेत, काही हालचाल नाही, त्यामुळे हळूहळू त्यांचं तिकडचं लक्ष कमी होत गेलं. मग शेवटच्या काही रात्रींत रणगाडे आणले आणि एकेक रणगाडा त्या सांगाड्याखाली घातला. याला सनशील्ड म्हणायचे, चौकटीवर ताणलेलं कापड, बरोबर मधोमध दोन भाग होणारं, हवं तेव्हा दोन्ही बाजूंना पाडलं की रणगाडा मोकळा. असे ७२२ सनशील्ड होते. वाळूत पट्ट्यांच्या खुणा उमटायच्या त्या उजाडायच्या आत पुसायच्या, कारण ट्रकच्या मागे रणगाड्याच्या पट्ट्यांची खूण दिसली की संपलं. आणि मागे जिथून हे रणगाडे निघाले तिथे त्याच रात्री डमी रणगाडे उभे केले. सकाळच्या फोटोत काय दिसणार? रणगाडे मागेच आहेत, ट्रक पुढेच आहेत, सगळं कालच्यासारखं.

डमी रणगाड्याचं खरं काम हे असं असतं. ‘इथे सैन्य आलंय’ एवढंच दाखवायला तो नसतो, ‘सैन्य अजून इथून हललेलं नाही’ हे दाखवायला तो जास्त उपयोगी पडतो.

पेट्रोलची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त आवडते. अलामेन स्टेशनजवळ २,००० टन पेट्रोल साठवायचं होतं. तिथे आधीपासून दगडांनी बांधून काढलेले जुने खंदक होते, जर्मनांच्या फोटोत ते कधीपासून दिसत होते. पेट्रोलचे डबे त्या खंदकांच्या भिंतीला चिकटून एकाच थरात रचले, म्हणजे खंदकाची सावली जशीच्या तशी राहिली. फोटो वाचणारा माणूस वस्तूपेक्षा तिची सावली आधी बघतो, त्यामुळे तिथे काही बदललंय असं वाटायला जागाच नव्हती. आपल्याच विमानांकडून फोटो काढून घेऊन ते खात्रीही करून घेत होते.

आता दक्षिणेचं बघा, तिथे उलटं, दाखवायचं होतं. एक खोटी पाण्याची पाइपलाइन सुरू केली, ३० किमीच्या आसपास. चर खणायचा, शेजारी पेट्रोलचे रिकामे डबे ओळीने मांडायचे की वरून पाइपासारखे दिसतात, रात्री चर बुजवायचा आणि तेच डबे उचलून पुढच्या टप्प्यावर मांडायचे. सोबत खोटी पंपहाउसं. आणि कामाचा वेग असा ठेवला की हिशेब करणाऱ्याला वाटावं पाइपलाइन नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्ण होणार, म्हणजे त्याआधी हल्ला होणं शक्य नाही. तारीख कुणी सांगितली नाही, शत्रूने ती स्वतः काढली, आणि स्वतः काढलेल्या उत्तरावर माणूस सहसा शंका घेत नाही.

दक्षिणेलाच मुनासिब भागात खोट्या तोफा मांडल्या होत्या आणि काही दिवसांनी त्यांची निगा मुद्दाम सोडून दिली, जर्मनांना कळू दे की या खोट्या आहेत. मग रात्रीतून त्यांच्या जागी खऱ्या तोफा ठेवल्या.

वायरलेसचं काम नाजूक. १९४२च्या जुलैमध्ये जर्मन सेनापती रोमेलची वायरलेस ऐकणारी ६२१ नंबरची तुकडी पकडली गेली होती, तिच्या कागदांवरून इंग्रजांना कळलं की आपले ऑपरेटर किती निष्काळजीपणे बोलतात आणि त्यातून शत्रूला किती काय काय कळतंय. त्यामुळे काय ऐकवायचं हे त्यांना आता नीट समजलं. खऱ्या चिलखती डिव्हिजन्स गप्प ठेवल्या आणि त्यांचं ट्रॅफिक दुसऱ्याच सिग्नलवाल्यांनी दक्षिणेकडून चालवलं. मेसेजचा अर्थ कळला नाही तरी ऐकणारा कोण कुणाशी किती वेळा बोलतोय आणि आवाज कुठल्या दिशेने येतोय हे मांडतच असतो, तेवढ्यावर अख्खी डिव्हिजन नकाशावर उभी राहते. अट एकच, फोटोत दिसतं ते आणि वायरलेसवर ऐकू येतं ते जुळलं पाहिजे. नुसता डमी रणगाडा आणि त्याच्याकडून एक शब्दही नाही, किंवा नुसता आवाज आणि फोटोत काहीच नाही, असं झालं की चाणाक्ष अधिकाऱ्याला वास येतोच.

परिणाम काय झाला? रोमेल आजारपणामुळे रजेवर ऑस्ट्रियात होता, हल्ला झाला तेव्हा चार्ज जनरल श्टुमेकडे होता आणि दुसऱ्याच दिवशी हार्ट अटॅकने तो गेला. जर्मनांची २१वी पँझर, म्हणजे रणगाड्यांची डिव्हिजन दक्षिणेलाच होती, ती उत्तरेला हलली २६ तारखेला, रोमेल परत आल्यावर. आता ही डिव्हिजन फक्त बर्ट्राममुळेच तिकडे होती असं मी म्हणणार नाही, जर्मनांनी आपले रणगाडे आधीच दोन्हीकडे वाटून ठेवले होते आणि पेट्रोलची टंचाई इतकी होती की एकदा हलवलेलं परत आणणं परवडत नव्हतं. पण दक्षिणेत पाइपलाइन आणि रणगाडे ‘दिसत’ असताना तिथली डिव्हिजन उचलायची हिंमत कोण करणार? सुरुवातीचे तीनेक दिवस मिळाले ते यामुळे.

फसवणुकीने मिळालं ते एवढंच, आणि ते थोडं नव्हतं. पण सुरुंग खरे होते, टँकविरोधी तोफा खऱ्या होत्या. हल्ला सुरू झाला की आवाजावरूनच कळतं घाव कुठे पडलाय, त्यानंतर सनशील्ड आणि डब्यांचा काही उपयोग नाही. लढाई त्यानंतरही १२ दिवस चालली आणि मित्रराष्ट्रांची १३,००० च्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली.