कारागिराला चित्रीकरणाचं पत्र

प्रश्न: वारसा चॅनेलसाठी एका कुंभारकाकांचं काम चित्रित करायचं आहे. साध्या अटी घालून पत्र कसं लिहू?

उत्तर: एका पानात बसवा. 'योग्य मानधन' असं मोघम लिहू नका, वाद तिथेच होतो. मजकूर असा ठेवा:

"आदरणीय काका, स. न.
तुमचं चाकावरचं काम आणि भट्टी लावणं चित्रित करण्याची परवानगी हवी आहे. आम्ही तिघं 2 दिवस, रोज 4 तास येऊ. रोजचं मानधन ____ त्याच संध्याकाळी रोख देऊ. मातीचं मिश्रण किंवा जे दाखवायचं नसेल, तिथे कॅमेरा बंद राहील. व्हिडिओ आधी तुम्हाला दाखवू आणि 7 दिवसांत सांगाल तो भाग काढू. तो फक्त आमच्या चॅनेलवर राहील. जाहिरातीसाठी किंवा इतर कुणाला देण्याआधी पुन्हा विचारू."

भट्टीचा दिवस मात्र काकांनाच ठरवू द्या. मडकी पुरती सुकलेली नसली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती तडकतात, आणि तुमच्या तारखेपायी अख्खी खेप वाया जाते. पत्र समोर बसून वाचून दाखवा. सही केलेली एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.