एचआर मीटिंगचं रेकॉर्डिंग आणि ईमेलच्या प्रती

"राजीनामा दे म्हणून दबाव येतोय. एचआरबरोबरची मीटिंग गुपचूप रेकॉर्ड केली, ऑफिसचे मेल स्वतःकडे घेतले तर चालेल का?"

तुम्ही स्वतः हजर असलेली मीटिंग रेकॉर्ड करणं भारतात सहसा गुन्हा ठरत नाही. रेकॉर्डिंग चालू ठेवून फोन तिथेच सोडून बाहेर जाणं मात्र वेगळं. कंपनीच्या नियमांत मनाई असेल तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

मूळ फाइल त्याच फोनमध्ये, काटछाट न करता ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीचा हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, बदलू शकतो, आणि कोर्टात डिजिटल पुरावा देताना लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हा हॅशच लिहावा लागतो.

मेल फक्त तुमच्याबद्दलचे घ्या: नोटीस, पगार, राजीनाम्याची मागणी. अख्खा मेलबॉक्स जीमेलवर ढकललात, तर डेटाचोरीचा आरोप आयताच कंपनीच्या हाती पडतो.