रस्ता ‘केला’, ‘करून दिला’ की ‘करून घेतला’?

प्रश्न : आमच्या गल्लीतला उखडलेला रस्ता नगरसेविका ताईंनी मागे लागून दुरुस्त केला. सोसायटीतर्फे आभाराचा मेसेज पाठवायचा आहे. ‘दुरुस्त केल्याबद्दल’ लिहू, ‘करून दिल्याबद्दल’ की ‘करून घेतल्याबद्दल’? आणि शेवटी ‘आपले धन्यवाद’ चालेल ना?

उत्तर : माझं मत ‘करून घेतल्याबद्दल’ला आहे, मात्र त्याच्या आधी ‘पथ विभागाकडून’ हवंच.

नुसतं ‘केल्याबद्दल’ चूक नाही. ‘शहाजहानने ताजमहाल बांधला’ म्हणताना आपण त्याच्या हातात थापी देत नाही, तसंच हे. पण तुम्हाला ज्याचे आभार मानायचे आहेत ते ताईंचं मागे लागणं त्यात कुठेच दिसत नाही.

‘करून देणे’ म्हणजे स्वतः करून दुसऱ्याच्या हवाली करणे. सुतार दार बसवून देतो, शेजारची मुलगी आजींना फॉर्म भरून देते. ताईंनी रस्ता ‘करून दिला’ म्हटलं की काम त्यांच्या हातचं आणि घरचं वाटतं. सार्वजनिक रस्ता आपल्याला खासगी भेट मिळाल्यासारखा होतो. मला हा शब्द इथे खटकतो, कितीही प्रेमाने लिहिला तरी.

‘करून घेणे’मध्ये एक खाच आहे. ‘घेणे’ हे सहायक क्रियापद कामाचा फायदा करणाऱ्याकडेच वळवतं: ‘जेवण करून घे’, ‘अभ्यास करून घेतला’. म्हणून ‘ताईंनी रस्ता दुरुस्त करून घेतला’ एवढंच वाचलं, तर क्षणभर वाटतं की स्वतःच्या दारासमोरचाच केला की काय! ‘-कडून’ आलं की अर्थ फिरतो. ‘गवंड्याकडून ओटा करून घेतला’ यात काम गवंड्याचं आणि करवणारे आपण, हे लगेच कळतं. तसंच ‘पथ विभागाकडून रस्ता दुरुस्त करून घेतलात’. महापालिकेतल्या रस्त्यांच्या खात्याला पुण्यात ‘पथ विभाग’च म्हणतात, त्यामुळे शब्द बोजड वाटणार नाही. ‘करवून घेतलात’ही बरोबर आहे, पण ‘घेणे’ आणि ‘-कडून’ मिळून करवण्याचा अर्थ आधीच देतात.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या सोसायटीचा असाच मेसेज माझ्याकडे तपासायला आला होता. आमच्याकडे चेंबरचं झाकण वीतभर खाली गेलं होतं आणि भोवतीचं डांबर निघालं होतं. मसुद्यात होतं, ‘रस्त्याचं काम मार्गी लावल्याबद्दल’. वाक्प्रचार सुरेख आहे, पण ‘प्रश्न मार्गी लावला’ म्हणजे सुटला, आणि ‘काम मार्गी लावलं’ याचा अर्थ नुसतं सुरू करून दिलं असाही होतो. आमचं झाकण तर रस्त्याच्या पातळीला आलेलं होतं, रोलरही फिरून गेला होता. झालेलं काम अर्धवट वाटायला नको म्हणून मी तो शब्द काढला. ‘डागडुजी’ही काढला, कारण त्यात थातूरमातूरपणाची छटा आहे. खड्डेच बुजवले असतील तर ‘खड्डे बुजवून घेतलेत’ लिहा, सबंध थर टाकला असेल तर ‘डांबरीकरण करून घेतलंत’. क्रियापदाचा शेवट कर्माप्रमाणे बदलतो हे लक्षात असू द्या: रस्ता करून घेतलात, दुरुस्ती करून घेतलीत, काम करून घेतलंत.

तुमचा ‘मागे लागून’ हा शब्द बोलण्यात छान आहे. मेसेजमध्ये ‘पाठपुरावा’ लिहा. तो ‘पाठ पुरवणे’ या जुन्या वाक्प्रचारातूनच आलेला आहे, म्हणजे अर्थ तोच राहतो.

‘आपले धन्यवाद’ मात्र नको. आभार ‘मानतात’ आणि ते नेहमी अनेकवचनी असतात: ‘आपले मनःपूर्वक आभार’, विसर्गासह. धन्यवाद ‘देतात’: ‘आपल्याला धन्यवाद’. मूळ अर्थ समोरच्याला ‘धन्य’ म्हणणे असा असल्याने तो त्यांना द्यायचा असतो. ‘आपले धन्यवाद’मध्ये या दोन्ही रचनांची सरमिसळ झाली आहे, हिंदीच्या ‘आपका धन्यवाद’चाही त्यात हात असावा.

संबोधन ‘आदरणीय ताई’ पुरेसं आहे. त्यांना समोर ‘तुम्ही’ म्हणत असाल तर मेसेजमध्येही तेच ठेवा. एका वाक्यात ‘आपण’ आणि दुसऱ्यात ‘तुम्ही’ आलं की मजकूर दोघांनी लिहिल्यासारखा दिसतो. पुण्यात एका प्रभागात चार-चार नगरसेवक असतात, तेव्हा गल्लीचं नावही घाला. मी असं लिहीन:

“आदरणीय ताई, तुम्ही सतत पाठपुरावा करून आमच्या गल्लीतला (गल्लीचं नाव) रस्ता पथ विभागाकडून दुरुस्त करून घेतलात, याबद्दल आम्ही सर्व रहिवासी तुमचे मनःपूर्वक आभार मानतो. काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही आमचे धन्यवाद कळवावेत.”

शेवटच्या वाक्यात ‘आमचे धन्यवाद’ बरोबर आहे, कारण तिथे ‘आमचे’ म्हणजे देणारे आपण. आणि ‘दुरुस्त’मधले दोन्ही उकार ऱ्हस्व, ‘दुरूस्त’ नव्हे. मोबाइलवर तो हमखास दीर्घ पडतो, पाठवण्याआधी एकदा बघून घ्या.