खरेदीखतात नसतं ते : आखीव पत्रिका आणि मोजणीची 'क' प्रत

प्रश्न : दारव्ह्याजवळच्या गावात गावठाणातला ३० × ५० फुटांचा प्लॉट घेतोय. विकणाऱ्याकडे १९९६ चं रजिस्टर खरेदीखत आहे. वकील म्हणतात, आखीव पत्रिका आणि मोजणीची 'क' प्रत आणा. खरेदीखतात नाही असं त्यात काय असतं?

उत्तर : मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो, म्हणून जागेवर टेप लावणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

खरेदीखतात देणारा आणि घेणारा एकमेकांना काय म्हणाले, तेवढंच असतं. दुय्यम निबंधक ते नोंदवून घेतात, पण प्लॉटवर कोणी जात नाही. चतुःसीमा पाहा : "पूर्वेस गावरस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस सांद." तो अमका केव्हाच वारला, घर तिसऱ्याला विकलं गेलं, आणि रस्ता किती रुंद ते कागदावर कुठेच नाही. १५०० चौरस फूट हा आकडाही बहुतेक विकणाऱ्याने सांगितला आणि अर्जनवीसाने लिहून घेतला, एवढंच.

आता तुमच्यासारखंच एक उदाहरण घ्या. खरेदीखतात १५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर. आखीव पत्रिकेवर, म्हणजे भूमी अभिलेख खात्याच्या मिळकतीच्या उताऱ्यावर, क्षेत्र निघालं १२१.६ चौरस मीटर. फरक जवळपास १९० चौरस फुटांचा. हा गेला कुठे, ते पत्रिका सांगत नाही. ते मोजणीच्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर दिसतं. नकाशात लांबी ५० फुटांच्या जवळ, १५.२ मीटर, पण रुंदी मात्र ८ मीटरच. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर व्हायला हवी होती. पूर्वेकडचा पावणेचार फुटांचा पट्टा नकाशाप्रमाणे रस्त्यात आहे. मूळ मालकाने तिथे ओटा बांधला, पुढच्याने ओट्यासकट मोजून विकलं, आणि खरेदीखताने ते निमूटपणे लिहून घेतलं. उद्या ग्रामपंचायतीने नाली काढली की ओटा जाणार आणि तुमचे पैसेही.

'क' प्रत बघताना एक गोष्ट नीट पाहायची. हद्द कायम मोजणीत अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवतात; कोणती रेषा कशाची, ते खाली टिपेत लिहिलेलं असतं. दोन्ही रेषा जुळल्या तर उत्तम. जिथे फाकतात तिथे बोट ठेवून विकणाऱ्याला विचारा. शेजाऱ्यांना मोजणीची नोटीस गेलेली असते, म्हणून "आम्हाला माहीतच नव्हतं" ही नंतरची सबब टिकायला अवघड जाते.

पत्रिकेवर क्षेत्राइतकीच महत्त्वाची खालची बाजू. तिथे दरवेळी धारक बदलल्याची नोंद तारखेसह असते. १९९६ चं खरेदीखत रजिस्टर आहे, पण पत्रिकेवर अजून आधीच्याच मालकाचं नाव असं मी कितीदा पाहिलंय, कारण खरेदी झाल्यावर फेरफाराचा अर्ज कोणी दिलाच नाही. मग त्या मूळ मालकाचे वारस स्वतःची नावं चढवायला येतात. सत्ता प्रकार म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे ते, भाडेपट्टा, बँकेचा बोजा, सुविधाधिकार हेही तिथेच. शेजाऱ्याला तुमच्या परड्यातून जाण्याचा हक्क असेल तर तो सुविधाधिकाराच्या रकान्यात सापडू शकतो. खरेदीखत लिहिताना त्याची आठवण कुणाला व्हावी?

तुमच्या गावाचं नगर भूमापन झालेलं नसेल, तर पत्रिका २०२० नंतरच्या स्वामित्व योजनेतली असेल. तीत ड्रोनने फोटो घेण्याआधी लोकांनी आपापल्या हद्दी चुन्याने आखल्या होत्या. ज्याने मोकळ्या परड्याची रेषा आखली नाही, त्याचं परडं शेजाऱ्याच्या नाहीतर सरकारी जागेत गेल्याचे वाद त्यातूनच निघतात. अशी पत्रिका आली तर खरेदीखताचं क्षेत्र तिच्याशी ताडून पाहणं जास्तच गरजेचं. पत्रिका मुळीच नसेल तर विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवेल. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे.

उलट बाजूही ऐका. पत्रिका म्हणजे मालकीचा अखेरचा निकाल नाही. तिच्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, इतकंच. आणि मोजणी हद्द दाखवते, मालकी ठरवत नाही. शेजाऱ्याचं अतिक्रमण काढायला शेवटी दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. मोजणी पटली नाही तर तालुक्याच्या उप अधीक्षकांकडे निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा अर्ज देता येतो.

तुम्ही अजून पैसे दिलेले नाहीत, तेव्हा क्रम असा ठेवा : आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रिकेची अलीकडची नक्कल काढा, नाव कोणाचं आहे ते बघा. विकणाऱ्याचं नसेल तर त्याच्याकडून आधी फेरफार करून घ्या. मग मोजणीचा अर्ज त्याच्याच नावाने टाका, कारण अर्ज धारकाला करावा लागतो. फी कोणी भरायची ते आपसांत ठरवा. आणि नवीन खरेदीखतात क्षेत्र फुटांत नव्हे, 'क' प्रतीवरचंच चौरस मीटरमध्ये लिहा, नकाशाची प्रत सोबत जोडून.