हेडलाइनमध्ये बातमी सांगून टाका, तपशील राखून ठेवा

प्रश्न: नागपुरातल्या एका लोकल चॅनेलच्या आउटपुट डेस्कवर तीन महिन्यांपासून आहे. संध्याकाळी 7 च्या बुलेटिनच्या हेडलाइन्स लिहितो. सर म्हणतात, तुझ्या हेडलाइनमध्ये पकड नाही. पण 'पाहून बसेल धक्का' असलं मला लिहायचं नाही. 7-8 सेकंदांत माहितीही द्यायची आणि माणूस थांबलाही पाहिजे, हे कसं जमवायचं?

उत्तर:

तुमच्या सरांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं एकमेकांच्या विरोधात नाही. माणूस थांबतो तो बातमी लपवली म्हणून नाही, ती त्याच्या घरापर्यंत येते हे कळलं म्हणून थांबतो. त्यामुळे काय झालं आणि कोणाला झळ बसणार, हे हेडलाइनमध्येच सांगून टाकायचं. कसं, कुठे-कुठे आणि पुढे काय, हे बुलेटिनसाठी राखायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मुख्य गोष्ट दडवली जाते आणि मग आत सांगायला काही उरत नाही.

एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. पाणीबंदीची प्रेस नोट नागपूरच्या डेस्कवर वर्षातून कितीदा तरी येते. समजा बुधवारी दुपारी अशी नोट आली: कन्हान जलशुद्धीकरण केंद्रात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी सकाळी 10 ते रात्री 10 शटडाऊन. आशीनगर, सतरंजीपुरा, लकडगंज आणि नेहरूनगर झोनमधला पुरवठा बाधित. शुक्रवारी सकाळी पाणी कमी दाबाने. आणि अगदी शेवटच्या ओळीत, या काळात टँकरनेही पुरवठा होणार नाही.

नवा मुलगा पहिल्यांदा काय लिहितो? 'नागपूरकरांनो सावधान! तुमच्या नळाबाबत मोठी बातमी, पाहा नेमकं काय घडणार.' पाच सेकंद गेले आणि कळलं काहीच नाही. हे वाक्य तपासायची माझी एक रीत आहे. ते दुसऱ्या बातमीवर ठेवून बघायचं. 'नळाबाबत'च्या जागी 'बिलाबाबत' किंवा 'मुलांबाबत' घाला, वाक्य तसंच चालतं. 'नागपूरकरांची चिंता वाढली' तर पावसाला चालतं, कांद्याला चालतं आणि चोऱ्यांनाही चालतं. जे वाक्य कुठल्याही बातमीवर बसतं, ते या बातमीचं नाही.

मराठीत आणखी एक खूण आहे, ती लक्षात ठेवा. नामाच्या जागी 'या', 'हा', 'असं' आलं की समजायचं, काहीतरी दडवलं जातंय. 'या भागात उद्या पाणी नाही', 'या कारणामुळे रस्ता बंद', 'आमदार असं काय बोलले'. प्रत्येक ठिकाणी 'या' आणि 'असं' खोडून तिथे खरं नाव घाला. अर्धा रोग तिथेच बरा होतो.

दुसऱ्या टोकाला प्रेस नोटची भाषा उभी असते: 'कन्हान जलशुद्धीकरण केंद्राच्या देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी बारा तासांचा शटडाऊन घेण्यात येणार असल्याने चार झोनमधील पाणीपुरवठा बाधित होणार.' यात खोटं काही नाही, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पाण्याचं काय होणार, ते वाक्याच्या शेपटीला येतं आणि तोवर माणूस भाजी चिरायला लागलेला असतो. आपली भाषा क्रियापद शेवटी ठेवते आणि नकारही शेवटीच येतो. 'गुरुवारी सकाळी दहा ते रात्री दहा नळ येणार नाहीत' हे बोलायला अगदी आपलं आहे, कारण आपण एकमेकांना 'नळ आले का' असंच विचारतो. पण टीव्हीवर शेवटचा 'नाहीत' संगीतात बुडाला, तर ऐकणाऱ्याला बातमी उलटी कळते. म्हणून लांब वाक्यात नकार टाळून 'बंद' वापरायचं. दोन-तीन शब्दांच्या वाक्यात 'नाही' चालतं, तिथे तो हरवायला जागाच नसते.

आता मी जे लिहीन ते असं: 'पूर्व आणि उत्तर नागपुरात गुरुवारी सकाळी दहा ते रात्री दहा नळ बंद. टँकरही नाही.' चौदा शब्द झाले. आपल्या अँकर हेडलाइन्स साधारण सेकंदाला दोन शब्दांच्या चालीने वाचतात, म्हणजे सात सेकंद. तुमच्या अँकरची चाल वेगळी असेल. मनात वाचू नका, मोठ्याने वाचा आणि मोबाइलवर वेळ लावा. प्रॉम्प्टरवर आकडे अक्षरी टाका. '10 ते 10' दिसलं की अँकर क्षणभर अडखळते, आणि हेडलाइनमध्ये तेवढी सवड नसते.

क्रम असाच का, तेही सांगतो. हेडलाइनचा पहिला शब्द बहुतेकांच्या कानावर पडतच नाही. धून वाजत असते आणि माणूस मान वळवत असतो. तिथे 'नळ बंद' टाकलंत तर ते वाया गेलं. ठिकाणाचं नाव आधी आलं की नंदनवनातल्या किंवा जरीपटक्यातल्या बाई कान टवकारतात, 'आपल्याकडचं आहे', आणि पुढची वेळ नीट ऐकतात. 'टँकरही नाही' ही नोटच्या तळाची ओळ मी मुद्दाम वर आणली. सर ज्याला पकड म्हणतात, ती इथे आहे. नळ नाही म्हटल्यावर माणूस मनात टँकरचा हिशेब करतो आणि पुढच्याच दोन शब्दांत तोही पर्याय संपतो. म्हणून नोट शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हेडलाइन लिहायला बसू नका. सगळ्यात उपयोगाची ओळ बरेचदा तळाशी असते.

'उद्या' का नाही लिहिलं? संध्याकाळी 7 चं बुलेटिन बरेचदा रात्री 11 ला आणि पहाटे 6 ला रिपीट होतं. पहाटे 6 ला 'उद्या' म्हणजे शुक्रवार झाला आणि गुरुवारी बादल्या कोरड्या राहिल्या. वाराचं नाव तीनही वेळा खरं राहतं.

स्क्रीनवरच्या प्लेटचं काम वेगळं आहे. अँकर जे बोलते तेच शब्द प्लेटवर पुन्हा उमटवायचे नाहीत. झोनची नावं हेडलाइनच्या वेगाने ऐकली तर कोणाला कळत नाहीत, पण वाचायला बरी पडतात. म्हणून कानाला 'पूर्व आणि उत्तर नागपूर' आणि डोळ्याला 'आशीनगर, सतरंजीपुरा, लकडगंज, नेहरूनगर'. वेळ मात्र दोन्हीकडे अक्षरशः तीच हवी. कानाला 'दिवसभर' आणि प्लेटवर '10 ते 10' असं झालं की लोक दोन्हींवर विश्वास ठेवत नाहीत.

दृश्यानेही फसवणूक होते, याकडे डेस्कवर फार कमी लक्ष जातं. पाणीबंदी म्हटली की लायब्ररीतून हंडे घेऊन भांडणाऱ्या बायकांचा शॉट निघतो. तो दुसऱ्याच गावचा, दुसऱ्याच उन्हाळ्यातला असतो. बातमी गुरुवारची, पण पाहणाऱ्याला वाटतं भांडणं आत्ताच लागलीत. कन्हान केंद्राचा जुना शॉट घ्या आणि कोपऱ्यात 'संग्रहित' लिहा.

प्रश्नचिन्हाबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरीचं आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं होतं. आमच्या हातात अभियंत्याचा बाइट होता. तलाव भरल्यावर सांडव्यावरून पाणी जाणारच, धोका नाही, असं ते स्पष्ट सांगत होते. तरी मी हेडलाइन लिहिली: 'अंबाझरी तलाव धोक्याच्या पातळीवर?' मला वाटलं प्रश्नच तर आहे, आपण काही ठाम म्हटलेलं नाही. बुलेटिन संपायच्या आत डेस्कचा फोन खणखणू लागला. कॉर्पोरेशन कॉलनीतल्या एक आजी विचारत होत्या, 'बाबू, सामान वर चढवू का?' मागच्या वेळी त्यांचा फ्रिज, गाद्या, नवऱ्याची औषधं, सगळं पाण्यात गेलं होतं. उत्तर 'नाही' आहे हे माझ्या समोरच्या बाइटमध्ये होतं आणि मी ते प्रश्नचिन्हामागे ठेवलं होतं. त्या आजींचा आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून उत्तर हाताशी असेल तर मी प्रश्न लिहीत नाही. त्या दिवशी लिहायला हवं होतं: 'अंबाझरीच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागलं. तलावाला धोका नाही, अभियंत्यांची माहिती.' ज्यांच्या घरात एकदा पाणी शिरलंय, ते हे ऐकून टीव्हीसमोरून उठत नाहीत. त्यांना पुढचं सगळं ऐकायचं असतं.

ब्रेकच्या आधीचा टीझर मात्र वेगळा लिहायचा. हेडलाइन ऐकलेला माणूस तिथे बसलेला आहे, त्याला पुन्हा 'नळ बंद' सांगून उपयोग नाही. आता राखून ठेवलेल्या तपशिलाचं नाव घ्या: 'नळ बंद राहणाऱ्या वस्त्यांची यादी आणि शुक्रवारी पाणी कधी येणार, ब्रेकनंतर लगेच.' यात फसवणूक नाही, कारण काय मिळणार हे नीट सांगितलंय. पण 'लगेच' लिहिण्याआधी रनडाउन उघडून बघा. ब्रेकनंतर आधी राजकारणाची स्टोरी, मग क्रिकेट आणि मग पाणी असा क्रम असेल, तर एक तर प्रोड्यूसरला सांगून पाणी वर घ्या नाहीतर 'लगेच' खोडा. यादी खरंच स्टोरीत आहे का, तेही पॅकेज डोळ्यांनी बघून खात्री करा. नुसती रिपोर्टरची स्क्रिप्ट वाचून नको. एडिटला वेळ कमी पडला की पहिली कात्री यादीवरच चालते.

सर विचारतील, धरमपेठ आणि लक्ष्मीनगरवाले उठून जातील त्याचं काय? जाऊ द्या. त्यांच्या नळाला पाणी आहे, आणि हे त्यांना सात सेकंदांत कळलं. 'नागपूरकरांनो सावधान' म्हणून त्यांना दहा मिनिटं बसवलं, तर पुढच्या वेळी खरोखर त्यांचा नळ बंद असेल तेव्हा ते तुमचं ऐकणार नाहीत.

सगळं लिहून झालं की कंट्रोल रूमला पाठवण्याआधी बातमी माहीत नसलेल्या कोणाला तरी एकदाच वाचून दाखवा. आमच्याकडे मी गाडी चालवणाऱ्या दादांना ऐकवतो आणि विचारतो, 'काय कळलं?' ते 'गुरुवारी आमच्याकडे पाणी नाही, टँकर पण नाही' म्हणाले की पाठवतो. 'कुठे?' किंवा 'कधी?' असं त्यांनी विचारलं की पुन्हा लिहायला बसतो.

आणि रात्री 9 वाजता काम पुढे ढकलल्याचा फोन आला, तर 11 चं रिपीट जसंच्या तसं सोडू नका. प्रॉम्प्टर आणि प्लेट दोन्ही बदला, आणि त्याच जागी साधारण तेवढ्याच लांबीची हेडलाइन द्या: 'पूर्व आणि उत्तर नागपुरातली गुरुवारची पाणीबंदी रद्द. नळ नेहमीच्या वेळेला येणार.' टिकरवर एक ओळ फिरवून भागत नाही. ज्यांनी 7 वाजता ऐकून पिंप भरून ठेवलेत, त्यांना हेडलाइनमध्येच कळायला हवं.